रागात लिहिलेला राजीनामा शांत भाषेत कसा उतरवायचा

जळगाव, भुसावळ, धुळे, शिरपूर या पट्ट्यात पाइप, चटई, दालमिल, सूतगिरणी, ठिबकचे भाग असे लहानमोठे कारखाने आहेत. तिथे काम करणारा माणूस राजीनामा लिहितो तेव्हा तो बहुतेक वेळा घरी, रात्री आणि डोकं तापलेलं असताना लिहितो. सकाळी तो कागद ओळखीतल्या एखाद्याकडे येतो. तो टायपिंगवाला असतो, कॉलेजातला पुतण्या असतो, नाहीतर ऑफिसात बसणारा शेजारी. "भाऊ, हे जरा नीट करून दे" एवढंच सांगितलं जातं. हा लेख त्या "नीट करून देणाऱ्या" नवख्या माणसासाठी आहे.

आधी एक गोष्ट पक्की करून घ्या. शिव्या काढून त्या जागी "महोदय" घातलं म्हणजे पत्र शांत होत नाही. रागाच्या पत्रात चार वेगवेगळे कागद एकमेकांत मिसळलेले असतात. एक राजीनामा, दुसरा पैशाची मागणी, तिसरा तक्रार आणि चौथा मनातली भडास. आपलं काम ते वेगळे करायचं आहे. राजीनाम्याच्या कागदावर फक्त राजीनामा राहतो. पैसे आणि तक्रार यांना आपापला कागद मिळतो. भडास मूळ पत्रातच राहते. मूळ पत्र मात्र फाडू नका. त्यात तारखा, रकमा आणि कोणासमोर काय घडलं ते ताजं लिहिलेलं असतं. दोन महिन्यांनी आठवून लिहायला बसलं तर ते तसं येत नाही. ते घरी जपून ठेवायला सांगा. मोबाइलवर ठेवत असाल तर नव्या पत्राच्या फाइलजवळ ठेवू नका, कारण घाईत चुकीची फाइल जाणं ही नेहमीची गोष्ट आहे.

मूळ पत्र

समजण्यासाठी एक काल्पनिक पण ओळखीचं वाटेल असं उदाहरण घेऊ. जळगाव एमआयडीसीतल्या एका पाइप कारखान्यात डिस्पॅच सुपरवायझर आहे. त्याचं पत्र असं:

> मॅनेजर साहेब,
> आजपासून मी कामावर येणार नाही. माझा हिशेब आजच्या आज करा. पाच वर्षं इमानदारीने राबलो त्याचं हे फळ दिलंत. शिरपूरच्या गाडीत ११० ऐवजी ९० एमएमचा पाइप गेला तो स्टोअरच्या चुकीच्या स्लिपमुळे, हे सगळ्यांना माहीत आहे. तरी हमालांसमोर माझी लाज काढली आणि मे महिन्याच्या पगारातून ४,००० रुपये कापले. एका शब्दाने विचारलं नाही. आखाजीला सगळे घरी जातात, मला एक दिवस सुट्टी दिली नाही. एप्रिल-मे मध्ये रात्री दहापर्यंत गाड्या भरल्या, ओव्हरटाइमचा एक रुपया नाही. मी काय तुमना गुलाम शे का? तुमच्या भाच्याला बसवायचं होतं तर सरळ सांगायचं. आता माल कोण पाठवतं ते बघतोच. ग्रॅच्युइटी आणि पीएफ दिला नाही तर कोर्टात खेचीन.
> दि. १६ जून २०२५

माणूस खोटं बोलत नाही. उन्हाळ्यात, पेरणीच्या आधी, पाइपाला मागणी असते आणि गाड्या रात्री उशिरापर्यंत भरल्या जातात. आखाजीला सुट्टी न मिळणं म्हणजे काय, हे खानदेशात कोणालाही समजावून सांगावं लागत नाही. पण हे पत्र कंपनीच्या फाइलला लागलं तर त्याच्याच विरोधात जाईल. ते कसं, ते पुढे येतंच.

लिहायच्या आधी विचारायचं

त्याला पूर्ण बोलू द्या, मध्ये थांबवू नका. बोलून झालं की पहिला प्रश्न विचारा: नोकरी सोडायचीच आहे, की फक्त हे चार हजार परत हवेत? काही जणांना खरं तर तक्रार लिहायची असते, पण तापलेल्या डोक्याने ते राजीनामा लिहून बसतात. अशा माणसाचा राजीनामा सुंदर भाषेत लिहून देणं म्हणजे त्याचं नुकसान करणं आहे. एक रात्र जाऊ द्या, दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारा.

सोडायचंच असेल तर त्याला नेमणूकपत्र आणायला सांगा. "नोटीस महिन्याची आहे" असं तोंडी सांगतात आणि पत्रात कधी १५ दिवस निघतात, कधी दोन महिने. नेमणूकपत्रातून तीन गोष्टी उतरवून घ्या: रुजू झाल्याची तारीख, नोटिशीची मुदत, आणि नोटीस न दिल्यास किती पगार वळता होतो ते. कारखान्यात स्थायी आदेश, म्हणजे नोकरीच्या अटींचे मंजूर झालेले नियम, लागू असतील तर तेही बघावे लागतात. सोबत शेवटची पगारस्लिप घ्या. तिच्यावर मूळ वेतन, महागाई भत्ता आणि बऱ्याचदा शिल्लक रजाही असते. कंपनीचं काय काय त्याच्याकडे आहे तेही विचारा. किल्ल्या, सिमकार्ड, ओळखपत्र, उचल घेतलेली रक्कम.

आपल्या उदाहरणात नेमणूकपत्र पाहिल्यावर कळतं की तो १ जुलै २०२० ला रुजू झाला आणि नोटीस ३० दिवसांची आहे. स्लिपवर मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून १५,६०० रुपये आहेत.

तारीख ठरवणं हेच सगळ्यात मोठं काम

नवखा माणूस लगेच भाषेला हात घालतो. आधी तारखेला घाला.

पत्रात तो "पाच वर्षं राबलो" म्हणतो. १६ जून २०२५ ला त्याची पाच वर्षं झालेली नाहीत, पंधरा दिवस कमी आहेत. ग्रॅच्युइटीसाठी साधारणपणे सलग पाच वर्षांची नोकरी लागते. जून २०२५ च्या नियमाने हिशेब असा होता: शेवटचं मूळ वेतन अधिक महागाई भत्ता, भागिले २६, गुणिले १५, गुणिले पूर्ण झालेली वर्षं. १५,६०० भागिले २६ म्हणजे दिवसाचे ६०० रुपये. त्याला १५ ने गुणलं की वर्षाचे ९,००० आणि पाच वर्षांचे ४५,०००. "आजपासून येणार नाही" या तीन शब्दांत हे पंचेचाळीस हजार धोक्यात येतात. पाचव्या वर्षात २४० दिवस काम झालं असेल तरी चालतं, असा निकाल मद्रास उच्च न्यायालयाने दिलेला आहे. पण त्याचा आधार घ्यायचा म्हणजे कंपनीशी भांडत बसायचं. पंधरा दिवस थांबणं त्यापेक्षा सोपं आहे.

इथे आणखी एक बारकावा आहे. कोणी म्हणेल, आजच राजीनामा द्या, ३० दिवसांची नोटीस धरली की शेवटचा दिवस जुलैच्या मध्यावर जातो, पाच वर्षं आपोआप भरतात. कागदावर हे बरोबर आहे. पण कंपनी नोटीस माफ करून "उद्यापासून येऊ नका" असं म्हणू शकते, आणि मग पाच वर्षं भरली की नाही हाच वाद होऊन बसतो. म्हणून पत्र आज लिहा, पण हातात द्या ते १ जुलै उलटल्यावर. तोपर्यंत त्याने रोजच्यासारखं कामावर जायचं आणि कोणाला काही सांगायचं नाही.

म्हणजे पत्राची तारीख २ जुलै २०२५. नोटिशीचे दिवस दुसऱ्या दिवसापासून मोजावेत, म्हणजे वाद राहत नाही. ३ जुलै ते ३१ जुलै हे २९ दिवस आणि १ ऑगस्ट हा तिसावा. शेवटचा दिवस शुक्रवार, १ ऑगस्ट २०२५. पत्रात "एक महिन्याने" किंवा "नोटीस संपल्यावर" असं न लिहिता ही तारीख वारासकट लिहा. तारीख लिहिलेली नसली की कंपनी आपल्या सोयीची तारीख धरते. पुढे पीएफच्या खात्यावर नोकरी सोडल्याची जी तारीख चढते ती या पत्राशी जुळली नाही तर नव्या ठिकाणी रक्कम वळती करताना अडचण येते.

"आजपासून येणार नाही" या वाक्याचा दुसरा तोटाही लक्षात ठेवा. कंपनी त्याला राजीनामा न मानता "न सांगता गैरहजर" दाखवू शकते. तसं झालं की नोटिशीचा पगार कापला जातो आणि कार्यमुक्तीचं पत्र अडकतं.

एकेक वाक्य वेगळं करणं

आता मूळ पत्राची झेरॉक्स काढा, मूळ कागदावर काही करू नका. झेरॉक्सवर पेन्सिलीने खुणा करा. राजीनाम्यात राहील त्याखाली सरळ रेघ, पैशाच्या मागणीभोवती गोल, तक्रारीभोवती चौकोन आणि उरलेल्यावर आडवी रेघ.

सरळ रेघ फार थोड्या गोष्टींखाली येते. पद, नोकरीचा काळ, सोडण्याचा निर्णय, एवढंच. ग्रॅच्युइटी आणि पीएफचा उल्लेखही राहतो, पण "नाही दिलं तर खेचीन" यातून नुसता "नियमाप्रमाणे हिशेब करावा" एवढा अर्थ उरतो. कोर्टात जायचा हक्क धमकी दिली म्हणून वाढत नाही आणि दिली नाही म्हणून जात नाही. धमकी लिहिलेली असली की हिशेब करणारा कारकून फाइल वर पाठवतो आणि पैसे लांबतात, एवढाच तिचा परिणाम.

गोलात चार हजारांची कपात आणि ओव्हरटाइम जातात. चौकोनात चुकीच्या स्लिपचं प्रकरण, हमालांसमोर झालेला अपमान आणि सुट्टी नाकारणं. आता उरलेली तीन वाक्यं बघा.

"तुमच्या भाच्याला बसवायचं होतं" हे खरं असेलही, पण ते सिद्ध करता येत नाही. असं एक वाक्य ठेवलं की वाचणारा बाकीच्या खऱ्या वाक्यांकडेही संशयाने बघतो. "मी काय तुमना गुलाम शे का" हे वाक्य मनाला भिडतं, आणि लिहिणाऱ्याला तेच सोडवत नाही. तो हट्ट करेल. त्याला सांगा की हे वाक्य मूळ कागदावर आहे, ते कुठे जात नाही. तिसरं वाक्य सगळ्यात घातक आहे: "आता माल कोण पाठवतं ते बघतोच." लिहिणाऱ्याला म्हणायचं आहे की माझ्याशिवाय तुमचं अडेल. वाचणाऱ्याला ते असं दिसतं की हा माणूस नोटिशीच्या महिन्यात काहीतरी बिघडवणार. त्या महिन्यात एखादी गाडी खरंच चुकीची भरली गेली तर बोट सरळ त्याच्याकडे जाईल, आणि पुरावा म्हणून त्याचंच पत्र समोर ठेवलं जाईल.

कारण द्यायचं की नाही

राजीनाम्यात कारण लिहिलंच पाहिजे असं नाही. "वैयक्तिक कारणास्तव" हे शब्द सगळे सवयीने घालतात. वाद फारसा नसेल तर त्याने काही बिघडत नाही. पण ज्याचे पैसे अडकलेत किंवा ज्याच्यावर अन्याय झालाय त्याच्या पत्रात हे शब्द घालू नका. उद्या तो तक्रार घेऊन गेला तर कंपनी हेच पत्र पुढे करून म्हणेल, "याने स्वतःच वैयक्तिक कारण लिहिलंय." कारणाचा रकाना रिकामा राहू द्या. "या पदाचा राजीनामा देत आहे" हे वाक्य पूर्ण आहे.

तोच नियम कौतुकालाही. नवखे लेखक पत्र गोड करायला "आपल्या मार्गदर्शनाखाली खूप शिकायला मिळाले", "कंपनीबद्दल माझ्या मनात कोणतीही तक्रार नाही" असं लिहून टाकतात. पहिलं वाक्य खोटं वाटतं. दुसरं सही करणाऱ्याचे हात बांधतं. आपल्याला तटस्थ लिहायचं आहे, आणि तटस्थ पत्रात निंदा नसते तशी खोटी स्तुतीही नसते. आभार मानायचेच असतील तर खरे असतील तेवढेच, एका ओळीत. "या काळात मिळालेल्या कामाच्या अनुभवाबद्दल आभार." नको असतील तर तीही ओळ काढा, पत्र अपुरं दिसत नाही.

तयार पत्र

> दिनांक: २ जुलै २०२५
>
> प्रति,
> व्यवस्थापक, मनुष्यबळ विभाग,
> (कंपनीचे नाव), एमआयडीसी, जळगाव
>
> विषय: डिस्पॅच सुपरवायझर पदाचा राजीनामा
> संदर्भ: नेमणूकपत्र क्रमांक व दिनांक, कर्मचारी क्रमांक
>
> महोदय,
>
> मी १ जुलै २०२० पासून आपल्या कंपनीत डिस्पॅच विभागात काम करत आहे. सध्याच्या डिस्पॅच सुपरवायझर पदाचा राजीनामा मी या पत्राद्वारे देत आहे.
>
> नेमणूकपत्रातील अटीप्रमाणे नोटिशीचे ३० दिवस ३ जुलै २०२५ पासून सुरू होतील. माझ्या कामाचा शेवटचा दिवस शुक्रवार, १ ऑगस्ट २०२५ हा असेल.
>
> या काळात डिस्पॅच रजिस्टर, शिल्लक ऑर्डरींची यादी, वाहतूकदारांचे संपर्क क्रमांक आणि गोदामाच्या किल्ल्या मी आपण नेमाल त्या सहकाऱ्याकडे यादी करून सोपवीन.
>
> शेवटच्या दिवसापर्यंतचे वेतन, शिल्लक रजेचा मोबदला, ग्रॅच्युइटी, पीएफ आणि इतर देय रकमा यांचा हिशेब नियमाप्रमाणे करावा, तसेच कार्यमुक्ती पत्र व अनुभव प्रमाणपत्र द्यावे, ही विनंती.
>
> हे पत्र मिळाल्याची पोच द्यावी.
>
> आपला विश्वासू,
> (सही, पूर्ण नाव, मोबाइल क्रमांक)

यातल्या "इतर देय रकमा" या तीन शब्दांकडे लक्ष द्या. कपात आणि ओव्हरटाइम यांचं नाव न घेता त्यांच्यासाठी दार उघडं ठेवायचं काम ते करतात. सोपवण्याचा परिच्छेदही शोभेचा नाही. काय, कोणाकडे आणि कशा रीतीने दिलं याची यादी झाली की शेवटच्या दिवशी "अमुक रजिस्टर मिळालं नाही" म्हणून हिशेब रोखता येत नाही. चार-पाच वस्तू नावानिशी लिहा. नुसतं "माझी जबाबदारी सोपवीन" लिहून भागत नाही.

पत्र मॅनेजरच्या नावाने न जाता मनुष्यबळ विभागाच्या नावाने गेलंय, हेही मुद्दाम केलेलं आहे. भांडण ज्याच्याशी, पत्र त्याच्याच नावाने लिहायला घेतलं की तिसऱ्या ओळीला आवाज चढतो. लहान कारखान्यात असा विभाग नसतो, तिथे "मालक" किंवा "संचालक" असं पद लिहावं, व्यक्तीचं नाव टाळावं.

उरलेला राग कसा सापडतो

पहिला खर्डा झाला की तो मोठ्याने वाचा. मराठीत राग बऱ्याचदा एका अक्षरात लपून बसतो. "मीच सगळं सांभाळत होतो", "आजच", "तरीसुद्धा", "अखेर", "इतकी वर्षं", "निदान आता तरी". यातला प्रत्येक "च", "तरी" आणि "अखेर" काढून वाक्य पुन्हा वाचा. अर्थ तोच राहिला तर तो शब्द रागाचा होता. उद्गारचिन्ह एकही ठेवू नका. ठळक अक्षरं आणि अधोरेखनही नको. फक्त विषयाची ओळ चालेल.

दुसरी जागा कर्मणी वाक्यांची. "तुम्ही माझा अपमान केला" याचं "माझा अपमान करण्यात आला" केलं की लिहिणाऱ्याला वाटतं पत्र सरकारी, म्हणजे शांत झालं. झालेलं नाही. आरोप तसाच आहे, फक्त नाव गळलं आहे. असं वाक्य तक्रारीच्या कागदावर घ्यायचं असेल तर तिथे उलट नाव, तारीख, जागा आणि साक्षीदार लागतात. राजीनाम्यात ते कोणत्याच रूपात नको.

तिसरी जागा अटींची. "माझे पैसे मिळाल्यास राजीनामा मंजूर समजावा" किंवा "परिस्थिती न सुधारल्यास मी राजीनामा देईन" ही वाक्यं ना धड राजीनामा आहेत ना धड तक्रार. जर-तर असेल ते वाक्य बाहेर काढा.

शेवटची चाचणी अशी. या प्रकरणातलं काहीच माहीत नसलेल्या माणसाला पत्र वाचायला द्या आणि विचारा, "हा नोकरी का सोडतोय असं वाटतं?" तो "पत्रावरून कळत नाही" म्हणाला तर काम झालं. "काहीतरी खटकलेलं दिसतंय" म्हणाला तर त्याला कुठल्या शब्दावरून तसं वाटलं ते विचारा आणि तो शब्द काढा. दोन वर्षांनी नवी कंपनी चौकशी करेल तेव्हा फाइल उघडणारा माणूस असाच अनोळखी असणार आहे.

पैशाचा कागद वेगळा

राजीनाम्याची पोच मिळाल्यावर दोन-तीन दिवसांनी दुसरं पत्र द्यावं. फार लांबवू नये, वेतनाच्या दाव्याला कायद्याने मुदत असते. त्याचीही भाषा तशीच कोरडी ठेवा:

> मे २०२५ च्या वेतनातून ४,००० रुपये कपात झाली आहे. कपातीचे कारण मला लेखी कळवलेले नाही व कपातीपूर्वी माझे म्हणणे घेतलेले नाही. संबंधित गाडीची लोडिंग स्लिप क्रमांक ... दिनांक ... ही स्टोअर विभागाने दिलेली असून तीत पाइपाचा आकार ९० एमएम नमूद आहे. ती तपासून कपातीचा फेरविचार करावा.
>
> एप्रिल व मे २०२५ मध्ये कामाच्या वेळेनंतर केलेल्या कामाचा तपशील सोबत जोडला आहे. हजेरी नोंदीशी तो पडताळून देय मोबदला कळवावा.

मूळ पत्रातल्या "एका शब्दाने विचारलं नाही" या ओळीत खरा मुद्दा होता. नुकसानीपोटी पगार कापण्याआधी कामगाराला आपलं म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते. राजीनाम्यात ती ओळ नुसती कुरकुर वाटली असती, इथे ती मुद्द्याची होते. स्लिपचा क्रमांक आणि तारीख लिहावी, पण कंपनीचा मूळ कागद उचलून घरी आणू नये. त्यावरून वेगळाच आरोप येऊ शकतो. ओव्हरटाइमबाबत "सुपरवायझर" हे पद आडवं येतं. देखरेखीच्या कामावर असलेल्यांना ओव्हरटाइमचा नियम लागू होतो की नाही यावर वाद होतात. त्यामुळे रक्कम ठोकून न मागता तारीख आणि तास लिहून "कळवावा" म्हटलं आहे. उत्तर आलं नाही तर जळगावात सहायक कामगार आयुक्तांचं कार्यालय आहे. तिथे जाताना ही दोन पत्रं, पगारस्लिप आणि पोच एवढं हातात हवं.

पत्र द्यायचं कसं

दोन प्रती काढा, दोन्हींवर सही करा. एक आवक विभागात द्या आणि दुसरीवर शिक्का, तारीख आणि घेणाऱ्याची सही घ्या. "राहू द्या, साहेबांना सांगतो" असं म्हणून पोच टाळली तर त्याच दिवशी कंपनीच्या पत्त्यावर पोचपावतीसह स्पीड पोस्टाने पाठवा आणि कंपनीच्या ईमेलवर सही केलेल्या पत्राची पीडीएफ टाका. ईमेलच्या मजकुरात "सोबत माझा २ जुलै २०२५ चा राजीनामा जोडला आहे, पोच द्यावी" एवढं पुरे. तिथे पुन्हा कहाणी सुरू करू नये. राग बऱ्याचदा पत्रातून जातो आणि ईमेलच्या मजकुरात उतरतो.

रागाचा मेसेज व्हॉट्सअॅपवर आधीच गेला असेल तर तो नुसता खोडून उपयोग नाही, समोरच्याने त्याचा फोटो काढून ठेवलेला असतो. राजीनामा स्वीकारला जाण्याआधी लेखी कळवा: "१६ जून रोजी मोबाइलवर पाठवलेला संदेश मी मागे घेत आहे. तो राजीनामा समजू नये. मी कामावर हजर आहे." आणि त्या दिवशी खरोखर हजेरी लावायला सांगा. नवा राजीनामा नंतर, ठरलेल्या तारखेला.

हे पत्र कुठे लिहून देऊ नये

काही वेळा शांत राजीनामा लिहून देणं चुकीचं असतं. दार बंद करून "सही कर, नाहीतर पोलिसांत देतो" म्हणत राजीनामा मागितला जात असेल तर तो आपण सुंदर करून देऊ नये. त्या माणसाला आधी कामगार वकिलाकडे किंवा युनियनकडे पाठवा. मशीनवर हात गेला असेल आणि भरपाई व्हायची असेल तर तेच. बाईला कामाच्या जागी लैंगिक त्रास झाला असेल तर त्याची तक्रार दहा किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या ठिकाणी अंतर्गत समितीकडे जाते, आणि साधारण तीन महिन्यांच्या आत द्यावी लागते. ती तक्रार राजीनाम्यात कोंबूही नये आणि राजीनाम्याने झाकूही नये. अशा पत्रात "स्वेच्छेने" हा शब्द कोणी घालायला सांगितला तर घालू नका.

हिशेबाच्या दिवशी आणखी एक कागद पुढे येतो. त्यावर छापलेलं असतं, "मला माझी सर्व देणी मिळाली, कंपनीविरुद्ध माझा कोणताही दावा नाही." चेक हातात यायच्या आधी त्यावर सही करू नये, हे शेवटच्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी त्याला पुन्हा सांगा. चार हजारांचा वाद मिटला नसेल आणि सही केल्याशिवाय चेक मिळत नसेल तर सहीवर "मे २०२५ च्या कपातीचा दावा वगळून" असं स्वतःच्या अक्षरात लिहावं, खाली तारीख टाकावी आणि त्या कागदाचा फोटो काढून घ्यावा. पीएफच्या खात्यावर कंपनीने नोकरी सोडल्याची तारीख चढवली का, तेही बघायला सांगा. शेवटची वर्गणी भरल्यानंतर दोन महिने उलटूनही ती चढली नसेल तर सभासदाला पोर्टलवर `Manage` मध्ये जाऊन `Mark Exit` मधून ती स्वतः भरता येते. तिथे टाकायची तारीख तीच, १ ऑगस्ट २०२५.